क्यूब नापास झाल्यावर साइटवर काय बोलायचं: पाच मिनिटांच्या भाषणाची तयारी

चेंबूरमधल्या एका सोसायटीचा पुनर्विकास चालू होता. इमारत सोळा मजल्यांची. जानेवारीच्या सुरुवातीला एका रात्री आम्ही नवव्या मजल्याचे सहा खांब भरले. काँक्रीट एम-४०, म्हणजे अठ्ठावीस दिवसांत ४० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर ताकद धरायला हवी असं. सहा खांबांना मिळून चार घनमीटरही माल लागत नाही, त्यामुळे सगळे एकाच गाडीतून भरले गेले. ती गाडी हायवेवर तीन तास अडकून आली होती. माल घट्ट झाला होता, ड्रायव्हरने त्यात पाणी सोडलं, आणि रात्रपाळीच्या ज्युनिअर इंजिनीअरने ते चालवून घेतलं. पाणी घातलं की माल सैल पडतो, पंपातून सुरळीत जातो आणि ताकद हरवून बसतो. हे सगळ्यांना माहीत असतं, तरी रात्री दीड वाजता गाडी परत पाठवायची हिंमत कुणाला होत नाही.

सात दिवसांनी त्या मालाचे क्यूब, म्हणजे नमुन्याचे ठोकळे, फोडले, आकडा २१ आला. एम-४० ला सात दिवसांत साधारण २६ ते २८ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर दिसायला हवेत. अठ्ठावीस दिवसांचे क्यूब ३०च्या आसपास अडकले. मग हॅमर, मग अल्ट्रासॉनिक तपासणी, मग तीन खांबांतून कोअर, म्हणजे काँक्रीटचे गोल नमुने, कापून काढले. काँक्रीटच्या आयएस ४५६ या भारतीय मानकाप्रमाणे कोअरची सरासरी ठरलेल्या ताकदीच्या ८५ टक्के तरी हवी आणि एकही कोअर ७५ टक्क्यांच्या खाली नको, म्हणजे आमच्यासाठी अनुक्रमे ३४ आणि ३०. आमचे आले २६.९, २८.१ आणि ३०.८. सरासरी २८.६. तोवर अकरावा स्लॅब भरून झाला होता आणि बाराव्याचं सेंटरिंग, म्हणजे स्लॅब ओतायचा साचा, उभं होतं.

प्रोजेक्टचा मुख्य म्हणून स्टाफच्या एकतीस जणांसमोर मला उभं राहायचं होतं. त्या भाषणाची तयारी कशी केली, त्यात कुठे चुकलो आणि आज करायची झाली तर कशी करेन, ते क्रमाने सांगतो. बांधकामाच्या बाहेरच्या वाचकालाही यातलं बरंच लागू पडेल, पण उदाहरण मी माझ्याच धंद्यातलं घेणार.

आधी एक मिनिट, मग दोन दिवस गप्प

पहिली चूक आधीच सांगून टाकतो. अठ्ठावीस दिवसांचा निकाल आल्यापासून कोअरचा रिपोर्ट येईपर्यंत दहा दिवस गेले, आणि त्या काळात विचारेल त्याला मी "टेस्टिंग चालू आहे" एवढंच म्हणत होतो. मला वाटत होतं मी सावध बोलतोय. गेटसमोरच्या टपरीवर तोवर तीन मजले पाडून झाले होते, कंपनी बदलली होती आणि निम्मा स्टाफ ठाण्याच्या साइटवर पाठवलाही गेला होता.

म्हणून वाईट बातमी कागदावर आली की त्याच दिवशी एक मिनिटाचं निवेदन करायचं. त्याला भाषण म्हणू नये. त्यात चारच गोष्टी: काय नक्की कळलं आहे, आत्ता काय थांबवलं आहे, काय अजून माहीत नाही, आणि पुढचं सगळं कधी सांगणार. शनिवारी दुपारी मी ते केलं: "कोअर नापास आहेत. नवव्याच्या वर कुणी जायचं नाही. दुरुस्ती कशी करायची ते कन्सल्टंट सोमवारी सांगतील. मंगळवारी सकाळी साडेआठला मी सगळं सांगेन, तारखेसकट." शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. वाट किती पाहायची हे कळलं की माणूस वाट पाहतो.

मंगळवार मुद्दाम निवडला. शनिवारी संध्याकाळी लोक लोकल पकडायच्या घाईत असतात. तेव्हा मोठी गोष्ट सांगितली तर ती घेऊन रविवारभर घरी बसतात, आणि प्रश्न विचारायला कुणी समोर नसतं. बोलणं झाल्यावर अर्ध्या तासात हाताला काम लागेल अशीच वेळ हवी.

भाषणाआधीच्या भेटी

मनोबल खचतं म्हणजे नेमकं काय होतं, हे मी त्या दोन दिवसांत नीट पाहिलं. कुणी रडत वगैरे नव्हतं. बिलिंगवाला बिलं अर्धवट ठेवून बसला होता, कारण पुढचा हप्ता येणार की नाही हे त्याला माहीत नव्हतं. स्टोअरमध्ये सळईची ऑर्डर अडकली होती. दोन इंजिनीअर बायोडेटा नीट करत होते. प्रत्येकाच्या डोक्यात एक अगदी खासगी, अगदी छोटा प्रश्न होता आणि त्याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं. त्या प्रश्नांची उत्तरं गोळा करणं हीच तयारी. लिहायला मला तास लागला, उत्तरं मिळवायला दोन दिवस.

पहिली भेट स्ट्रक्चरल कन्सल्टंटची. त्यांच्याकडून दोन गोष्टी लेखी घ्यायच्या: दुरुस्ती कशी आणि किती दिवसांची, आणि तोपर्यंत इमारतीत कुठे काम करायला हरकत नाही. दुसरी गोष्ट लोक विसरतात. साइटवरच्या माणसाला आधी हे कळायला हवं की तो ज्याच्या खाली उभा आहे ते सुरक्षित आहे का. आमच्या बाबतीत ठरलं ते असं: खालच्या मजल्यांवर टेकू लावायचे, बाराव्याचं सेंटरिंग खोलून वरचा भार उतरवायचा, मग दोन-दोन करून सहा खांबांना जॅकेटिंग. म्हणजे खांबाला टाचे मारायचे, भोकं पाडून केमिकलने डॉवेल, म्हणजे सळईचे तुकडे, बसवायचे, भोवती नवी सळई बांधायची आणि मायक्रो काँक्रीट ओतायचं. एका जोडीला दहा-बारा दिवस. वरचं काम एकूण सात आठवडे बंद.

दुसरी भेट मालकांची, म्हणजे बिल्डरची. तिथे एकच काम असतं: पैसे आणि माणसं याबद्दल मी काय म्हणू शकतो ते त्यांच्या तोंडून काढून घेणं. "सांगा त्यांना, काळजी करू नका म्हणून," असं ते म्हणाले. ते मी घेतलं नाही. "कुणाला काढणार का? पगार कापणार का? ओव्हरटाइम चालू राहणार का?" असं एकेक विचारलं. उत्तरं आली: नाही, नाही, आणि मार्चअखेरपर्यंत बंद. तिसरं उत्तर कडू होतं, पण त्याच्यामुळेच पहिल्या दोन उत्तरांवर लोकांचा विश्वास बसला.

तिसरी भेट प्लॅनिंग इंजिनीअरची, आणि इथे माझी दुसरी चूक टळली. वरचं काम बंद आहे तर खालच्या सहा मजल्यांचं ब्लॉकवर्क आणि प्लास्टर पुढे ओढू, सातातले तीन आठवडे भरून काढू, असं मी मनात धरलं होतं. ती म्हणाली, "सर, ताब्याची तारीख वरचे मजले ठरवतात. खालचं प्लास्टर लवकर झालं तर नंतर टोळ्या मोकळ्या मिळतील, एवढंच. शिवाय आपला गच्चीचा स्लॅब आता जूनमध्ये सरकतोय. गच्चीचं वॉटरप्रूफिंग आणि वरच्या मजल्यांचं बाहेरचं प्लास्टर पावसाळ्यानंतरच. दीड आठवडा भरेल, त्याहून जास्त नाही." मुंबईत फेब्रुवारीत गेलेले सात आठवडे जूनपर्यंत जाऊन भिडतात, हा हिशेब माझ्या घाईत राहून गेला होता. म्हणजे निव्वळ उशीर साडेपाच आठवडे. ताबा पुढच्या वर्षीच्या पाडव्याला द्यायचा होता. अक्षय्य तृतीयेला ढकलावा असा मोह झाला, कारण मुहूर्त मिळतो आणि सांगायला बरं वाटतं. पण ती पाडव्यानंतर महिन्याभराने येते, आणि आम्हाला साडेपाच आठवडे हवे होते. आम्ही मेचा मध्य धरला. एकदा घसरलेली तारीख दुसऱ्यांदा घसरली तर तिसरी कुणी ऐकत नाही.

चौथी भेट त्या ज्युनिअर इंजिनीअरची. ती टाळली असती तर बाकी सगळं फुकट गेलं असतं. एकतीस जणांत कुणाची रात्रपाळी होती हे सगळ्यांना ठाऊक होतं. सोमवारी संध्याकाळी त्याला एकट्याला बसवलं आणि उद्या काय बोलणार ते शब्दशः वाचून दाखवलं. "तुझं नाव घेणार नाही, पण पाणी घातलं हे सांगणार. ते लपवलं तर नियम का बदलतोय हे कुणाला कळणार नाही. चालेल ना?" तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "सर, मी तुम्हाला फोन केला होता त्या रात्री. लागला नाही." माझ्या मोबाइलवर मिस्ड कॉल खरंच होता, एक वाजून चाळीस मिनिटांचा. त्यानंतर मसुद्यातला एक परिच्छेद मी पुन्हा लिहिला.

मुकादमांशी वेगळं, हिंदीत, भाषणाच्या आधी पंधरा मिनिटं बोललो. त्यांचे प्रश्न वेगळे असतात: टोळीला काम किती दिवस, सेंटरिंग खोलण्याची मजुरी कोण देणार, मुलं गावी पाठवायची का. स्टाफच्या सभेत त्यांना मागे उभं करून हे सांगणं बरं नव्हे.

मसुदा शेवटाकडून लिहा

मी आधी शेवटचा परिच्छेद लिहितो: भाषण संपल्यावर तासाभरात कोण कुठे जाणार. तो लिहिता आला नाही तर योजना अजून तयार नाही असं समजावं आणि भाषण एक दिवस पुढे ढकलावं. त्यानंतर सुरुवात, म्हणजे काय झालं ते आकड्यासकट. मधलं सगळ्यात शेवटी.

शांतपणे, थांबत बोललं तर मिनिटाला ऐंशी-नव्वद मराठी शब्द होतात, त्यामुळे पाच मिनिटांना चारशेच्या आसपास शब्द पुरतात. कागद हातात ठेवायला लाजू नये. तारखा आणि आकडे वाचून दाखवले तर उलट बरं, पाठ करून फेकले तर विकल्यासारखं वाटतं.

मी जे बोललो ते जवळजवळ असं होतं.

"नमस्कार. पाच मिनिटं बोलतो, मग तुम्ही विचारा.

नवव्या मजल्याचे सहा खांब नापास आहेत. कोअरची सरासरी ३४ हवी होती, २८.६ आली. कन्सल्टंटनी काल लेखी दिलं आहे की टेकू लावले आहेत तोवर आठव्यापर्यंत काम करायला हरकत नाही. नववा आणि त्याच्या वर, यादीत नाव असल्याशिवाय कुणीही जायचं नाही. मीसुद्धा.

हे कसं झालं ते सांगतो. त्या रात्री गाडी तीन तास उशिरा आली, माल घट्ट झाला होता, त्यात पाणी घातलं गेलं. गाडी परत पाठवायचा अधिकार रात्री कुणाला आहे हे आपल्या साइटवर ठरलेलंच नव्हतं. ते ठरवणं माझं काम होतं. त्या रात्री मला फोन आला होता, मी उचलला नाही. पुढे सात दिवसांचा क्यूब २१ आला. तो कागद माझ्या टेबलावर होता. फ्लाय ॲशचं मिक्स आहे, ताकद उशिरा धरेल, असं म्हणून मी काम चालू ठेवलं. तिथे थांबवलं असतं तर वरचे मजले चढले नसते. तो निर्णय माझा.

बाराव्याचं सेंटरिंग खोलायचं आहे. दहा दिवसांचं काम आहे ते, आणि ते चांगलं झालं होतं. काल मी लेव्हल बघितल्या, कुठे काही काढायला जागा नव्हती. भार उतरवायचा म्हणून ते खोलतोय, चुकलं म्हणून नाही.

आता पुढचं. सहा खांबांना जॅकेटिंग, दोन-दोन करून. पहिले दोन पुढच्या शुक्रवारपर्यंत भरायचे. त्यांचे क्यूब पास झाल्याशिवाय पुढच्या दोघांना हात लावायचा नाही. वरचं काम सात आठवडे बंद. त्यातला दीड आठवडा भरून निघेल. ताबा पाडव्याला नाही, मेच्या मध्यात. ही तारीख मालकांनी काल मान्य केली.

कुणाला काढणार नाहीत, पगार कापणार नाहीत. हे मी त्यांना तसंच विचारलं आणि त्यांनी तसंच सांगितलं. ओव्हरटाइम मात्र मार्चअखेरपर्यंत बंद. ज्यांचं गणित त्यावर आहे त्यांनी मला आज भेटा.

दोन नियम आजपासून. प्लांटवरून निघून दोन तास झालेली गाडी गेटवरूनच परत. ड्यूटीवरचा इंजिनीअर परत पाठवेल, मला विचारायची गरज नाही, आणि त्याबद्दल त्याला कुणी काही म्हणणार नाही. दुसरा, एम-४० चा सात दिवसांचा क्यूब २६च्या खाली आला तर वरचं काम आपोआप थांबेल. आकडा बोर्डावर लागेल, सगळ्यांना दिसेल असा.

गेटवर सोसायटीचे सभासद विचारतील. त्यांना सांगा, नवव्या मजल्यावर दुरुस्ती चालू आहे, गुरुवारच्या सभेत सगळं सांगणार आहेत. त्यापुढे अंदाज करू नका.

आता साडेनऊला सेंटरिंगवाले बाराव्यावर, सेफ्टीसोबत. ब्लॉकवर्कची टीम दुसऱ्या मजल्यावर. स्टोअरमध्ये मायक्रो काँक्रीट आणि केमिकलची मागणी अकरापर्यंत द्यायची आहे. बाकी यादी सुपरवायझरकडे आहे.

विचारा."

यातल्या दोन जागा

पहिली जागा कबुलीची. "चुका सगळ्यांकडूनच होतात, मीही जबाबदारी घेतो," असं बोलणारे साहेब मी बरेच ऐकले आहेत. ऐकणाऱ्याला त्यातून काहीच हाती लागत नाही. कबुलीत दिवस, कागद आणि निर्णय हवा. कोणता आकडा समोर होता, मी काय ठरवलं, दुसरं काय ठरवता आलं असतं. एवढं नेमकं सांगितलं की खोलीतली बोटं त्या पोराकडून हटतात. पण कबुली तीन-चार वाक्यांतच संपवायची. तिचा परिच्छेद लांबला की लोकांना तुमचं सांत्वन करावं लागतं, आणि ते करायला ते जमलेले नसतात.

इथे एक मर्यादाही आहे. तयार काँक्रीट पुरवणाऱ्याशी नुकसानभरपाईचा वाद उभा राहणार असेल तर कोणाचा दोष किती, हे भाषणात बोलायचं नाही. मी पुरवठादाराबद्दल चकार शब्द काढला नाही. काय घडलं ते सांगितलं आणि आपल्या बाजूला काय नव्हतं तेवढंच सांगितलं. वकिलांना मसुदा दाखवला होता, त्यांनी एक वाक्य काढायला लावलं, ते काढलं. मात्र त्यांनी सगळंच गुळमुळीत करायला सांगितलं असतं तर मी ऐकलं नसतं.

दुसरी जागा सेंटरिंगची. सहा खांब नापास झाले हे दुःख तसं सगळ्यांचं असतं, म्हणजे फारसं कुणाचंच नसतं. बाराव्याचं सेंटरिंग मात्र ठरावीक चौघांच्या देखरेखीखाली उभं राहिलं होतं, आणि त्यांनाच ते खोलायचं होतं. अशा अडथळ्यात कुणाचं तरी चांगलं काम वाया जातंच. ते कोणतं हे आधी शोधून काढायचं, त्याचं नाव घ्यायचं, आणि ते का चांगलं होतं हे स्वतः पाहून सांगायचं. मी आदल्या दिवशी वर जाऊन लेव्हल खरंच बघितल्या होत्या. बघितल्या नसत्या तर ते वाक्य टाकलं नसतं, कारण सेंटरिंगच्या माणसाला ते लगेच कळतं.

काय टाळलं तेही सांगतो. "आपण एक कुटुंब आहोत" टाळलं, कारण ओव्हरटाइम बंद करून पुढच्या वाक्यात कुटुंब म्हणता येत नाही. छत्रपतींच्या काळातला दाखला टाळला. तो मनात आला होता आणि टाळ्याही पडल्या असत्या, पण मग लोक टाळ्या लक्षात ठेवतात आणि दोन तासांचा नियम विसरतात. विनोद एकही नाही. आणि "यापेक्षा वाईट काही होऊ शकत नाही" हे तर अजिबात नाही, पावसाळा समोर असताना कुणी हे म्हणू नये.

उभं राहताना

साइट ऑफिसच्या आत घेतलं, कारण बाहेर जनरेटर आणि ब्रेकरचा आवाज. पंधरा मिनिटं ब्रेकर बंदच ठेवला. सगळे उभे, मीही उभा, टेबल मधे नाही. मालकांना बोलावलं नव्हतं. ते आले असते तर प्रश्न त्यांच्या तोंडाकडे बघून विचारले गेले असते. ज्युनिअर इंजिनीअर कुठे उभा राहणार हे त्याच्यावर सोडलं होतं, तो दाराजवळ उभा राहिला. कबुलीचा परिच्छेद वाचताना मी त्याच्याकडे पाहिलं नाही, हे आधीच ठरवलेलं.

"विचारा" म्हटल्यावर शांतता पसरते. ती तोडायची घाई करू नये. मनात वीसपर्यंत मोजावं. आमच्याकडे पहिला प्रश्न स्टोअरच्या काकांनी विचारला: "साहेब, आलेली सळई ठेवायची कुठे? सात आठवड्यांत गंजेल." अगदी बारीक प्रश्न, आणि नेमका हवा तसा. लोक असं काही विचारू लागले की समजावं, मन पुढच्या कामाकडे वळलं. उलट पहिले तीन प्रश्न "पण मग त्या रात्री नक्की कोण…" अशा वळणाचे आले तर सांगण्यात कुठेतरी भोक राहिलं आहे. तिथेच थांबून ते बुजवावं.

उत्तर माहीत नसेल तर "बुधवारी दुपारपर्यंत सांगतो" म्हणावं आणि प्रश्न त्यांच्यासमोर लिहून घ्यावा. आमच्या अकरा प्रश्नांतले चार असे निघाले. बुधवारी दुपारी चारही उत्तरं बोर्डावर लावली. त्यातलं एक "मालकांनी नाही म्हटलं" असं होतं, तेही लावलं.

नंतरचे दहा दिवस

भाषण लागलं की नाही हे त्याच दिवशी कळत नाही. मी तीन गोष्टी बघत होतो. सकाळी आठच्या हजेरीत फरक पडतो का. अडचणी माझ्यापर्यंत किती लवकर येतात: खचलेली टीम वाईट बातमी दाबून ठेवते, सावरलेली टीम लगेच आणते. आणि ताब्याची तारीख वेगवेगळ्या माणसांकडून विचारली तर सगळे तीच सांगतात का. चौथ्या दिवशी मी सहज दोन सुपरवायझरना विचारलं. एक म्हणाला मेचा मध्य, दुसरा म्हणाला "जूनच धरा साहेब". दुसऱ्याला सांगितलं, तुम्हाला जून का वाटतो ते प्लॅनिंगकडे जाऊन मांडा. लिफ्टच्या डिलिव्हरीचा त्याचा मुद्दा बरोबर निघाला, आणि ऑर्डर आठवडाभर आधी गेली.

पहिला टप्पा मुद्दाम जवळचा ठेवला होता, दहा दिवसांवर. सात आठवड्यांनंतरच्या गोष्टीवर कुणी उमेद टिकवू शकत नाही. पण तो टप्पा खात्रीने गाठता येईल असाच निवडायचा. त्यात एक दिवसाची फट मी ठेवली होती, आणि ती लागली, कारण केमिकलचा एक बॉक्स उशिरा आला. पहिले दोन खांब शुक्रवारी संध्याकाळी सातला भरले. त्यांच्या क्यूबचे आकडे आले तेव्हा बोर्डावर मी लिहिले नाहीत, ज्युनिअर इंजिनीअरने लिहिले.

मार्चमध्ये एका रात्री पोडियमच्या कामासाठी आलेली गाडी त्यानेच गेटवरून परत पाठवली. दोन तास वीस मिनिटं झाली होती. ड्रायव्हरने वाद घातला, सुपरवायझरने "चालतं रे" म्हटलं. मला सकाळी रजिस्टरमध्ये कळलं. रात्री फोन आला नव्हता.